पडद्याचा रॉड आणि ६०० वॅटचं ड्रिल : एका लिस्टिंगच्या प्रकल्प नोंदी

३ ऑक्टोबर

काल दसरा. काउंटरवर मशिनं मांडून पूजा झाली, झेंडूच्या पाकळ्या आज सकाळी चकच्या फटीतूनही निघाल्या. पूजेला मांडायला बाबांनी मागच्या खोलीतलं जे जे बाहेर काढलं, त्यात परत आलेली ड्रिलं एकत्र दिसली. सात. सगळी एकाच मॉडेलची : ६०० वॅट, १३ एमएम चक, इम्पॅक्ट, सोबत बिटांचा संच. सप्टेंबरात ऑनलाइन ३१ गेली होती आणि त्यातली सात परत.

आज एकेक लावून पाहिलं. पाच मशिनं ठणठणीत आहेत, एका हाताच्या दाबाने विटेत भोक पाडतात. दोनांना जळका वास आहे. परत करण्याची कारणं वाचली तर सातांपैकी सहांचं एकच : "भिंतीत जात नाही."

मग आमचं लिस्टिंग उघडून वाचलं. "६०० वॅट हेवी ड्युटी, १३ एमएम, काँक्रीट, लोखंड, लाकूड सगळ्यासाठी, १३ बिट मोफत." हे मीच लिहिलंय, खोक्यावरून उतरवून. खोक्यावर छापलेलं खोटं नाही, पण त्यातून गिऱ्हाइकाला काय समजतं हे मी तपासलं नव्हतं. दिवाळी अठरा दिवसांवर आहे. घरोघरी रंग निघेल, पडदे बदलतील, याच मॉडेलची मागणी वाढेल. त्याआधी लिस्टिंग नव्याने लिहायचं, आणि लिहिण्याआधी प्रत्येक आकडा भिंतीवर पाहायचा, असं ठरवलं.

संध्याकाळी सातही जणांना फोन केले. पाच जण बोलले आणि पाचही जण पडद्याचा रॉड लावत होते.

४ ऑक्टोबर

दुपारी मिस्त्रीकाका दुकानात आले. बाबांच्या वयाचे, लाकूडकाम आणि फिटिंग दोन्ही करतात. त्यांना पाच फोनांची गोष्ट सांगितली. त्यांनी चहा खाली ठेवला. "बाय, पडदा लागतो कुठं? खिडकीच्या वर. आणि खिडकीच्या वर वीट असते का?"

एवढ्यात सगळा उलगडा झाला. भिंत विटेची असली तरी खिडकीच्या डोक्यावर आडवं काँक्रीट असतं : लिंटल, नाहीतर थेट बीम. वरच्या विटांचा भार त्यानेच पेललेला असतो. म्हणजे ज्या माणसाने फोटोफ्रेमसाठी, चावीच्या स्टँडसाठी विटेत आरामात भोक पाडलं, तोच माणूस चार फूट वर गेला की त्याच मशीनने हैराण होतो. त्याला वाटतं मशीन बिघडलं. शिवाय तो स्टुलावर उभा, हात डोक्याच्या वर, त्यामुळे दाबही नीट बसत नाही.

जळक्यातलं एक मशीन काकांनी काउंटरवर उघडलं. पुढच्या भागात दोन दातेरी चकत्या समोरासमोर असतात. हॅमरच्या खुणेवर खटका आणला आणि बिट भिंतीवर दाबला की त्या एकमेकींवर घासत, उसळत फिरतात, तोच तो खडखडाट. दाते मोजले, सोळा. लेबलवर २,८०० फेरे आणि ४४,८०० ठोके मिनिटाला असं आहे. २,८०० गुणिले १६, हिशेब चोख जुळला. मला हा आकडा नेहमी मोठेपणाचा वाटायचा. काका म्हणाले, ठोके किती त्यापेक्षा केवढे ते बघ. चकत्या दात्याच्या उंचीएवढ्याच उसळतात, ठोका त्यामुळे चिमुकला. आणि त्याला जोर आपल्या खांद्यातून द्यावा लागतो, दाबलं नाही तर ठोकाच नाही.

शेजारी रोटरी हॅमर ठेवलेला होता, ८०० वॅटचा. त्यात आत पिस्टन आहे, तो हवा दाबतो आणि ती हवा एका लोखंडी ठोकळ्याला बिटाच्या बुडावर आदळवते. ठोके मिनिटाला चार-पाच हजारच, म्हणजे आमच्या ड्रिलच्या जवळपास दहावा हिस्सा. पण प्रत्येक ठोका घणासारखा, आणि त्यासाठी माणसाने जोर लावायचा नसतो, फक्त मशीन धरायचं.

लिस्टिंगमध्ये दोन्ही शेजारी दिसली तर ४४,८०० वालं जोरदार वाटणार आणि ते किमतीलाही कमी. म्हणून ठोक्यांचा आकडा ठेवायचा असेल तर त्याच्यासोबत हे स्पष्टीकरण हवंच.

५ ऑक्टोबर

रविवार, लालबागला आत्याकडे. जुनी चाळ, विटेची भिंत, वर चुन्याचा जाड गिलावा. फळीसाठी ब्रॅकेट लावायचं होतं, म्हणून आत्या खूश. ६ एमएमचा दगडाचा बिट, ४० एमएम खोल. बिटावर ४० एमएमला चिकटपट्टी गुंडाळून खूण केली.

आठ-नऊ सेकंदांत भोक झालं. आधी पांढरी भुकटी, चुन्याची. मग लाल, म्हणजे वीट लागली. अडचण उलटीच निघाली. हॅमर चालू ठेवल्यामुळे जुना गिलावा भोवती ढासळला आणि भोक तोंडाशी एवढं मोठं झालं की ६ एमएमचा प्लास्टिकचा रावल प्लग गरागरा फिरायला लागला. दुसरं भोक हॅमर बंद करून, नुसतं फिरवून पाडलं. वेळ दुप्पट लागला, पण प्लग हातोडीने ठोकावा लागला इतका घट्ट बसला. गिलावा वीस एमएमच्या वर जाड निघाला, त्यामुळे प्लग लांब घ्यायला हवा, त्याचा पकडणारा भाग विटेत जायला हवा. पूर्वी अशाच भिंतींत लाकडी गिट्टी ठोकायचे आणि तिच्यात खिळा. आत्याच्या देवघराची गिट्टी अजून शाबूत आहे.

नोंद : भुकटीचा रंग ही लिस्टिंगमध्ये घालण्याची सगळ्यात उपयोगी गोष्ट. पांढरी ती गिलाव्याची, लाल ती विटेची, राखाडी ती काँक्रीटची. सिमेंटचा गिलावाही राखाडीच असतो, म्हणून पहिल्या वीस एमएमवरून ठरवू नये, त्यानंतर काय येतं ते बघावं.

६ ऑक्टोबर

मावशीकडे, दहिसर. सोसायटी चाळीसेक वर्षांची, विटेच्या भिंती आणि काँक्रीटचा सांगाडा. पाच फोनवाल्यांचं काम जसंच्या तसं करून पाहिलं : हॉलच्या खिडकीवर रॉडची दोन ब्रॅकेट, प्रत्येकी दोन स्क्रू, एकूण चार भोकं, ६ एमएम जाड आणि ४० एमएम खोल.

बिट पेटीतलाच वापरला, कारण गिऱ्हाईक तोच वापरणार. पहिल्या भोकात गिलावा संपेपर्यंत पाच सेकंद, मग राखाडी भुकटी आणि आवाज बदलला. खडखडाट वरच्या पट्टीत गेला. एकूण ५५ सेकंद लागले. दुसऱ्या भोकाला सव्वा मिनिट. तिसऱ्यात २५ एमएमवर बिट थांबला म्हणजे थांबलाच. अर्धा मिनिट दाबलं, भुकटी बंद, टोक निळसर पडलं. इथे मी थांबले आणि मला त्या जळक्या मशिनांची गोष्ट दिसली. इथे न थांबणारा माणूस अंग टाकून दाबतो. मशीन फिरायचं कमी होतं. मोटर थंड ठेवणारा पंखा त्याच दांड्यावर आहे, म्हणून तोही मंदावतो. करंट वाढतो आणि वारा घटतो. वास येतो तो तारेवरच्या वार्निशचा.

बिट गार होऊ दिला. टॉर्च लावून भोकात पाहिलं तर तळाशी काळा, चकाकणारा ठिपका. खडी. मुंबईच्या काँक्रीटमधली खडी म्हणजे आपला काळा कातळ, बेसाल्ट. सिमेंट-वाळूचा भाग हे मशीन खातं, पण बिटाच्या टोकासमोर अख्खा खडा आला की चिमुकले ठोके त्याला फोडू शकत नाहीत. म्हणून एकाच बीममध्ये एक भोक मिनिटात होतं आणि तीन इंचांवरचं दुसरं होतच नाही. गिऱ्हाईक याला "मशीन कधी चालतं कधी नाही" म्हणतं. त्याचं निरीक्षण बरोबर आहे.

आता सळी लागली की खडी, हे कसं ओळखायचं? सळी असेल तर टोकाशी ठिणगी दिसते, आवाज धातूचा येतो आणि भुकटीत चमकणारे बारीक कण मिळतात. तिथे दगडाचा बिट चालवत राहणं म्हणजे बिट घालवणं, आणि बीममधली सळी कापायची तर मुळीच नाही. जागा दोन-तीन सेंटिमीटर सरकवायची. खडी असेल तर भुकटी बारीक काळपट येते, ठिणगी नाही. तेव्हा बिट बाहेर काढून भुकटी झटकायची, मशीन अर्धा मिनिट मोकळं फिरवायचं म्हणजे पंख्याचा वारा लागून ते थंड होतं, आणि मग पुन्हा मध्यम दाब. मी तसं तीनदा केलं आणि खडा फुटला. त्या एका भोकाला चार मिनिटं लागली.

चौथ्या भोकासाठी बिट बदलला. आमच्याच दुकानातला सुटा, थोडा महाग, ६ एमएमचा. ३५ सेकंद. मशीन तेच, बीम तोच.

मावशीचे पडदे लागले. तिने मला पुरणपोळी दिली आणि पेल्मेटचंही विचारून घेतलं.

७ ऑक्टोबर

वडाळ्याला, मैत्रिणीच्या नव्या टॉवरमध्ये. इथे भिंती मायवानच्या. अ‍ॅल्युमिनियमच्या फर्म्यात अख्खी भिंत काँक्रीटची ओततात, वीट औषधालाही नसते. म्हणजे फक्त खिडकीवरच नाही, घड्याळासाठीसुद्धा काँक्रीट. गिलाव्याच्या जागी पातळ लेप, त्यामुळे दुसऱ्याच सेकंदाला राखाडी भुकटी.

चांगल्या बिटाने ६ एमएमची दोन भोकं, ४५ आणि ७० सेकंद. ८ एमएमच्या भोकाला अडीच मिनिटं आणि मध्ये दोनदा विश्रांती. १० एमएम सुरू केला आणि चार मिनिटांनी २० एमएमवर सोडून दिला, मशीनची मान हाताला चटका देत होती. मग सोबत नेलेला रोटरी हॅमर लावला : ८ एमएम, ४० खोल, ११ सेकंद.

आमच्या लेबलवर "काँक्रीट १३ एमएम" आहे. ते कमाल माप आहे, एखाद्या वेळी, नव्या बिटाने, साध्या काँक्रीटमध्ये जमू शकेल असं. रोजच्या कामाचं माप नव्हे. आणि हा फरक वॅटमुळे आहे असंही नाही. ६०० आणि ८०० मध्ये दोनशे वॅटचाच फरक, वेळेत मात्र जवळपास चौदापट. वॅट म्हणजे मशीन वीज किती ओढतं तेवढंच. ६०० वॅटला अडीच-पावणेतीन अँपिअर, म्हणजे घरातला साधा ६ अँपिअरचा सॉकेट पुरतो. ही माहिती गिऱ्हाइकाला खरंच लागते, फोनवर विचारतात. पण ठोका कुठल्या पद्धतीचा आहे हे वॅटमधून कळत नाही.

मायवान भिंतीत एक जास्तीची काळजी : विजेचे पाइप काँक्रीटसोबतच ओतलेले असतात. स्विचबोर्डाच्या सरळ वर-खाली आणि त्याच उंचीला आडवं भोक पाडू नये.

८ ऑक्टोबर

आज बिटांची पेटी उघडून बसले. "१३ बिट" म्हणजे नक्की काय? दगडाचे पाच : ४, ५, ६, ८, १०. लोखंडाचे, म्हणजे एचएसएसचे चार : ३, ४, ५, ६. लाकडाचे चार, मधे टोकदार सुळा असलेले : ४, ५, ६, ८. आतापर्यंत आम्ही फक्त तेराचा आकडा लिहीत होतो. यादीच लिहायला हवी, कारण काही गिऱ्हाइकांनी लाकडाचा बिट भिंतीत घातला होता. परत आलेल्या दोन पेट्यांत त्याचा सुळा झिजून गोल झालेला सापडला.

ओळखायची खूण सोपी आहे. दगडाच्या बिटाच्या टोकाला वेगळ्या रंगाची कार्बाइडची चपटी टिकली पितळेने झाळलेली असते आणि ती बिटाच्या अंगापेक्षा किंचित रुंद असते. पेटीतल्या ६ एमएमच्या बिटाची टिकली परवाच्या वापरानंतर भिंगातून पाहिली, कडा गोल झाल्यात. सुट्या बिटाची अजून तीक्ष्ण आहे. म्हणजे पेटीतले दगडाचे बिट विटेसाठी ठीक, काँक्रीटच्या चार-पाच भोकांपलीकडे त्यांच्याकडून अपेक्षा नको. हे लिहायचं की नाही यावर बाबांशी थोडं वाजलं. त्यांचं म्हणणं, मोफत वस्तूला कोण नावं ठेवतं. माझं म्हणणं, माणूस मशीन परत करतो ते त्या बिटापायीच. शेवटी ते म्हणाले, "लिही. पण सुटा बिट कुठला घ्यावा तेही लिही." ते बरोबर आहे.

९ ऑक्टोबर

चक. तीन फोनवाल्यांचा समज असा की १३ एमएम चक म्हणजे १३ एमएमचं भोक. चक फक्त पकड आहे : १.५ पासून १३ एमएमपर्यंत जाड दांडी त्यात बसते, एवढंच. चावीचा चक आहे. चावी एकाच भोकात लावून पिळली तर जबडे सारखे बसत नाहीत, बिट ठोक्यांनी सैल होऊन आत घुसतो आणि त्याच्या दांडीवर गोल चरे पडतात. तिन्ही भोकांत फिरवून पिळायची. एकाने रोटरी हॅमरचे खाचांचे बिट घेऊन यात घातले होते. त्यांची दांडी १० एमएमची, म्हणून बसतात, पण जबडे खाचांवर पडले की पकड धड राहत नाही. तो बिट यात नको.

लोखंडावर थोडी चाचणी केली, खिडकीच्या ग्रिलच्या ५ एमएम जाड पट्टीवर. ६ एमएमचा एचएसएस बिट, हॅमर बंद, पंचाने आधी खूण, ट्रिगर अर्धा, थेंबभर तेल. छान लांब सुरळ्या निघाल्या. १० एमएमचा बिट मात्र याच्या पूर्ण वेगाला जळतो. बिट जितका जाड तितके फेरे कमी हवेत, १० एमएमला हजाराच्या आत. ट्रिगर हलका धरून वेग उतरवता येतो, पण मग जोर आणि पंखा दोन्ही उतरतात. म्हणून लोखंडाला ६ एमएमपर्यंत असं लिहिणार.

लाकडाबद्दल तक्रार एकही नाही, त्यावर वेळ घालवला नाही.

१२ ऑक्टोबर

तीन रात्री खपून मजकूर तयार. मिस्त्रीकाकांना वाचून दाखवला. त्यांनी दोन ठिकाणी "शक्यतो" खोडायला लावलं. "होतं तर होतं म्हण, नाही तर नाही म्हण." असा चढवला :

"इम्पॅक्ट ड्रिल, ६०० वॅट, घरच्या ६ अँपिअर सॉकेटवर चालतं. चावीचा चक, १.५ ते १३ एमएम दांडीचे बिट पकडतो. हे भोकाचं माप नाही. वेग ० ते २,८००, उलटसुलट फिरतं, हॅमर चालू-बंद करता येतो.

सोबत : दगडाचे बिट ४, ५, ६, ८, १०, लोखंडाचे ३, ४, ५, ६, लाकडाचे ४, ५, ६, ८, चकची चावी, बाजूचा दांडा, खोलीची पट्टी.

यासाठी घ्या : विटेच्या भिंतीत १० एमएमपर्यंत भोकं (फळी, फ्रेम, आरसा, नळाचे क्लॅम्प). खिडकीवरच्या काँक्रीटमध्ये पडद्याच्या रॉडची ६ एमएमची भोकं, एका वेळी चार-सहा, प्रत्येकाला एक ते चार मिनिटं धरून चाला. लाकूड आणि प्लायवूड. ग्रिलच्या पट्टीत ६ एमएमपर्यंत. हलक्या ब्लॉकच्या आणि जुन्या चुन्याच्या भिंतीत हॅमर बंद ठेवा. टाइलवरही बंदच, चिकटपट्टी लावून हळू सुरू करा.

यासाठी घेऊ नका : पूर्ण काँक्रीटच्या, म्हणजे मायवानच्या घरात रोजचं काम; काँक्रीटमध्ये ८ एमएमहून मोठं भोक; एसीच्या पाइपचं किंवा चिमणीचं मोठं भोक; रंग किंवा सिमेंट घोटणं; स्क्रू पिळण्याचं सततचं काम. अशा घरासाठी रोटरी हॅमर घ्या किंवा एका दिवसापुरता भाड्याने आणा.

काँक्रीटसाठी पेटीतल्या बिटाऐवजी कार्बाइड टोकाचा चांगला ६ एमएम बिट वेगळा घ्या. भुकटी यायची थांबली की दाब वाढवू नका, बिट काढा, मशीन अर्धा मिनिट मोकळं फिरवा."

घोटण्याचं मुद्दाम घातलं. कमी वेग, जास्त ओझं, पंखा मंद, म्हणजे जळण्याची तीच वाट. दुसरं जळकं मशीन एका माणसाने डिस्टेंपर घोटायला वापरलं होतं, पहिल्या दिवशी तो बोलला नव्हता, नंतर फोनवर त्यानेच सांगितलं.

फोटोही बदलले. खोक्यावरचं चित्र दुसऱ्या जागी ढकललं, पहिल्या जागी दहिसरच्या बीमचा फोटो : चार भोकं, खाली कागदावर राखाडी भुकटी, बाजूला निळं पडलेलं टोक. एमआरपी, बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, कुठल्या देशात बनलं, हे नियमाप्रमाणे आधीपासून होतंच.

१५ ऑक्टोबर

तीन दिवसांत नऊ गेली. एरवी या दिवसांत पंधरा तरी जातात. बाबा काही बोलले नाहीत, पण वही दोनदा उघडून पाहिली.

दुपारी चेंबूरहून एका बाईंचा फोन. "तुमचं वाचलं. आमची बिल्डिंग मायवानची आहे की विटेची, कसं ओळखू?" मी विचारलं, एखादा जुना स्क्रू निघालेलं भोक आहे का? होतं. त्यांना काडेपेटीतल्या काडीने आतली भुकटी कागदावर काढायला सांगितली. फोन चालूच होता. थोड्या वेळाने म्हणाल्या, "वर पांढरं, मग लालभडक." आणि खिडकीवर? तिथे भोक नव्हतं. मी म्हटलं, तिथे काँक्रीट धरूनच चाला, ६ एमएमचा सुटा बिट घ्या. त्यांनी दोन्ही घेतलं.

लगेच मजकुरात एक ओळ वाढवली : "भिंत कशाची आहे ते माहीत नसेल तर जुन्या भोकातली भुकटी काडीने काढून रंग बघा, किंवा आम्हाला फोन करा." काउंटरवरच्या कपाटात ६ एमएमचे सुटे बिट सतराच उरलेत, उद्या नागदेवी स्ट्रीटला जाऊन शंभराचा डबा आणायचा आहे.